उपवासाचे पाकीटबंद पदार्थ : घटकांच्या यादीतील धान्य आणि मीठ कसे ओळखावे?

मृण्मयी

माझ्या सासूबाई चातुर्मासातील सर्व एकादश्या करतात. त्या दिवशी त्यांना धान्य आणि कडधान्य वर्ज्य असते आणि मीठ फक्त सैंधव चालते. घरी असताना काहीच अडचण येत नाही, पण या आषाढीला आम्ही प्रवासात असणार आहोत आणि त्यामुळे काही पाकिटे बरोबर घ्यावी लागतील. दुकानात एका बटाटा चिवड्याच्या पाकिटावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘फराळी’ असे छापले होते. मागची यादी वाचल्यावर मात्र मी पाकीट परत ठेवले. ती यादी येथे जशीच्या तशी मराठीत उतरवते.

बटाटा, खाद्य वनस्पती तेल (पामोलिन), शेंगदाणे, साखर, स्टार्च, आयोडीनयुक्त मीठ, मसाले, माल्टोडेक्स्ट्रिन, सैंधव, आम्लता नियंत्रक (३३०, २९६), अँटीकेकिंग एजंट (५५१). खाली ठळक अक्षरांत ‘शेंगदाणे आहेत. गहू, दूध आणि सोया यांचा अंश असू शकतो’ असे होते. पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे सोडियम ६०० मिलिग्रॅम होते.

माझे प्रश्न असे आहेत : यातील स्टार्च आणि माल्टोडेक्स्ट्रिन कशाचे असते? दोन प्रकारचे मीठ का लिहिले आहे? आणि ‘अंश असू शकतो’ हे वाक्य उपवासाच्या दृष्टीने किती गंभीरपणे घ्यावे?

मंदा_सुगरण

मृण्मयीताई, मी गेली अनेक वर्षे दोन गोष्टी पाहते. एक म्हणजे हिरवा ठिपका आहे का, आणि दुसरी म्हणजे खाली ठळक अक्षरांत ‘गहू आहे’ असे लिहिले आहे का. कंपनीला धान्य लपवता येत नाही, कायद्याने ते ठळक छापावेच लागते. तुमच्या पाकिटावर ‘आहेत’ या शब्दापुढे फक्त शेंगदाणे आहेत, म्हणजे त्यात धान्य नाही. सैंधवही आहे. निःशंक मनाने घ्यावे असे मला वाटते.

अ_सरनाईक

मी नमकीन बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात बरीच वर्षे होतो, त्यामुळे या विषयावर सविस्तर लिहितो.

मंदाताईंचे म्हणणे गव्हापुरते खरे आहे, परंतु उपवास करणाऱ्याची खरी फसगत तेथेच होते. ती ठळक ओळ अ‍ॅलर्जीसाठी असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार तेथे ग्लुटेन असलेली धान्ये, म्हणजे गहू, बार्ली, राय, ओट्स अशी धान्ये घोषित करावी लागतात. त्याशिवाय दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सुकामेवा, सोया यांचाही त्यात समावेश आहे. मका आणि तांदूळ त्या यादीत नाहीत, कारण त्यांत ग्लुटेन नसते. त्यामुळे पदार्थात मक्याचे पीठ कितीही असले, तरी ती ठळक ओळ त्याविषयी गप्पच राहणार. बाजारातील नमकिनांत आडमार्गाने येणारे धान्य बहुतेक वेळा नेमका मकाच असतो. हिरव्या ठिपक्याबद्दल सांगायचे तर, तो केवळ शाकाहाराचा आहे. मैद्याच्या बिस्किटावरही तो असतो. उपवासासाठी असे कोणतेही वेगळे सरकारी चिन्ह नाही, आणि ‘फराळी’ हा शब्द उत्पादकाने स्वतःच्या समजुतीने छापलेला असतो.

आता तुमची यादी पाहू. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे सर्वांत जास्त असलेला पहिला. या क्रमाचा एक उपयोग सहसा कोणी करत नाही. सोडियमचा आकडा अडीचने गुणला, की मिठाचे प्रमाण साधारण समजते. तुमच्या पाकिटात ६०० मिलिग्रॅम सोडियम आहे, म्हणजे १०० ग्रॅम चिवड्यात दोन्ही प्रकारचे मिळून सुमारे दीड ग्रॅम मीठ आहे. सैंधव यादीत खाली आहे, म्हणून त्या दीड ग्रॅममधील निदान निम्मे तरी आयोडीनयुक्त मीठ आहे. स्टार्च त्या मिठाच्या आधी लिहिले आहे, म्हणजे ते त्याहून कमी नाही. कदाचित बरेच जास्त असेल, कारण बटाट्याचा कीस सुटा आणि कुरकुरीत राहावा म्हणून त्याला स्टार्च लावतात. माल्टोडेक्स्ट्रिन मिठानंतर आले आहे, म्हणजे ते दीड ग्रॅमच्या वर जाऊ शकत नाही. मसाल्याची चव कणाकणावर सारखी पसरावी म्हणून ते वापरतात.

राहिला प्रश्न ही दोन्ही कशाची असतात याचा. रासायनिक बदल न केलेले स्टार्च नियमानुसार नुसते ‘स्टार्च’ असे लिहिता येते, त्याचा उगम सांगणे बंधनकारक नाही. ते बटाट्याचे किंवा टॅपिओकाचेही असू शकते, पण आपल्याकडे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरले जाणारे स्टार्च मक्याचे आहे. ज्या उत्पादकाने मुद्दाम महाग स्टार्च वापरलेले असते, तो बहुधा ‘टॅपिओका स्टार्च’ असे अभिमानाने लिहितो. म्हणून नुसते ‘स्टार्च’ दिसले तर मी ते मक्याचे धरतो आणि कठोर उपवासासाठी पाकीट घेत नाही. माल्टोडेक्स्ट्रिनबाबतही हाच अंदाज ठेवावा.

३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, २९६ म्हणजे मॅलिक आम्ल आणि ५५१ म्हणजे सिलिका. यांच्यामुळे तुमचा निर्णय बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

निरंजन_ज

सरनाईकसाहेब, माल्टोडेक्स्ट्रिनच्या बाबतीत मला थोडा वेगळा विचार मांडायचा आहे. मक्यापासून स्टार्च वेगळे काढले, त्याचे विघटन करून भुकटी केली, तर त्यात मक्याचे दाणेपण काय उरले? ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्या लोकांनाही असे पदार्थ चालतात. आपण साखर खातो तेव्हा ऊस खाल्ला असे म्हणत नाही.

अ_सरनाईक

निरंजनराव, ग्लुटेनचा निकष येथे लावता येत नाही, कारण त्यात प्रश्न एका प्रथिनाचा असतो आणि उपवासात प्रश्न पदार्थ कशापासून आला याचा असतो. मक्याच्या दाण्यात मुळातच ग्लुटेन नाही, तरी एकादशीला मक्याचे कणीस कोणी खात नाही. उसाचे उदाहरणही येथे बसत नाही, कारण ऊस मुळात वर्ज्य नाही. मात्र तुमचा मूळ मुद्दा मी खोडून काढत नाही. स्टार्च म्हणजे मक्याच्या दाण्याचा मुख्य भागच आहे, तो मी धान्यच समजतो. माल्टोडेक्स्ट्रिन त्यापुढे एक पायरी गेलेले असते, आणि सायट्रिक आम्ल तर साखरेच्या द्रावणावर बुरशी वाढवून तयार करतात. यातील कोणत्या पायरीवर रेघ ओढायची हे मला माझ्या कामातून ठरवता येत नाही. ते ज्याच्या-त्याच्या घरच्या रीतीवर आहे.

वारी_पंढरी

आमच्या घरी आजोबांपासून वारी आहे. आमच्याकडची रीत अशी की, जे स्वयंपाकघरात धान्याच्या डब्यात ठेवतात ते एकादशीला शिवायचे नाही. त्या न्यायाने कारखान्यात मक्यापासून जे-जे होते ते सर्व वर्ज्य, मग त्याच्या कितीही पायऱ्या झालेल्या असोत. मृण्मयीताईंनी सासूबाईंना यादी वाचून दाखवावी आणि त्यांनाच ठरवू द्यावे. आपण परस्पर ठरवून त्यांच्या हातात पाकीट देऊ नये, कारण व्रत त्यांचे आहे.

डॉ_स्नेहल

माझ्या वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे, म्हणून विचारते. उपवासाला सैंधव चालते आणि ते आरोग्यालाही सौम्य असते, असे ऐकून ते नवरात्रात सैंधव घातलेले वेफर्स भरपूर खातात. मग सैंधव लिहिलेली पाकिटे त्यांच्यासाठी अधिक सुरक्षित समजावीत का? मी दातांची डॉक्टर आहे, आहार हा माझा विषय नाही.

अ_सरनाईक

स्नेहलताई, धाग्याचा प्रश्न व्रताचा आहे आणि तुमचा आरोग्याचा, तरी उत्तर त्याच लेबलवर आहे. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. त्यामुळे वडिलांसाठी मिठाचे नाव न पाहता तक्त्यातील सोडियमचा आकडा पाहावा. तो अनेक पाकिटांवर १०० ग्रॅममागे दिलेला असतो, म्हणून ते किती खातात याचा हिशेब वेगळा करावा. ‘लो सोडियम’ मीठ असेल तर त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, त्याचा क्रमांक ५०८. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मंदा_सुगरण

मक्याचे हे मला खरोखर माहीत नव्हते, चांगले झाले विषय निघाला. पण मिठाबद्दल एक शंका आहे. मृण्मयीताईंच्या पाकिटावर सैंधव आहे ना? मग दोन मिठे घालण्याचा उपयोग काय? आणि काळे मीठ लिहिलेले असेल तर ते सैंधवच समजायचे ना?

अ_सरनाईक

नाही, काळे मीठ वेगळे. सैंधव, म्हणजेच शेंदेलोण, हे खाणीतून निघणारे मीठ आहे. काळे मीठ, म्हणजे पादेलोण, हे मीठ भट्टीत इतर द्रव्यांबरोबर तापवून तयार करतात, आणि त्याचा तो उग्र वास त्यातील गंधकाच्या संयुगांचा असतो. चाट मसाल्याच्या चवीचे ‘फराळी’ वेफर्स असतात त्यात बहुधा हेच असते. अनेक घरांत ते उपवासाला चालते, काही घरांत चालत नाही, पण त्याला सैंधव समजून घेऊ नये.

दोन मिठे लिहिण्याचे कारण बहुतेक वेळा असे असते की, मूळ पदार्थाला साधे मीठ लावलेले असते आणि वरून भुरभुरण्याच्या मसाल्यात सैंधव असते. पाकिटाच्या पुढे मात्र फक्त ‘सैंधवयुक्त’ छापले जाते, आणि ते खोटे नसते. त्यामुळे ‘सैंधवयुक्त’ वाचल्यावर थांबू नये, यादीत दुसरे मीठ कोठे लपले आहे ते शोधावे. इंग्रजी यादीत ते ‘आयोडाइज्ड सॉल्ट’, ‘एडिबल कॉमन सॉल्ट’ किंवा नुसते ‘सॉल्ट’ असे असते, तर सैंधवाला बहुतेक ठिकाणी ‘रॉक सॉल्ट’ लिहितात. ज्यांना फक्त सैंधव चालते, त्यांच्या पाकिटात मिठाचा उल्लेख एकदाच आणि तोही ‘रॉक सॉल्ट’ असाच असायला हवा. मृण्मयीताई, या एकाच कारणासाठीही तुमचे पाकीट बाद होते, स्टार्चपर्यंत जाण्याची गरजच नव्हती.

केतकी_वसई

‘मसाले’ या शब्दाकडे कोणाचे लक्ष गेले नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे उपवासाला जिरे आणि मिरची चालते, पण हळद, मोहरी, हिंग चालत नाही. पाकिटावर नुसते ‘मसाले’ लिहिलेले असेल तर आत हिंग आहे की नाही हे कसे समजावे? बाजारातील हिंग म्हणजे बहुधा मैद्यात किंवा तांदळाच्या पिठात मिसळलेला बांधानी हिंग असतो, हे मी हिंगाच्या डबीवर स्वतः वाचले आहे.

अ_सरनाईक

केतकीताई, अगदी मोलाचा मुद्दा आहे, आणि याचे पूर्ण समाधानकारक उत्तर लेबल देत नाही. मसाल्यांचा उल्लेख एकत्रितपणे करण्याची मुभा नियमांतच आहे. त्याशिवाय, अनेक घटकांनी बनलेला एखादा घटक अंतिम पदार्थात ५ टक्क्यांहून कमी असेल, तर त्याच्या आतील सर्व घटक उलगडून लिहावे लागत नाहीत. बांधानी हिंग चिमूटभरच पडतो, त्यामुळे तो या सवलतीत सहज बसतो. त्यात मैदा असेल तर गहू म्हणून अ‍ॅलर्जीच्या ओळीत तो यायला हवा. तांदळाचे पीठ असेल तर कोठेच दिसणार नाही.

म्हणून माझा व्यवहारातील नियम असा आहे : उपवासासाठी घ्यायच्या पाकिटावर मसाले नावानिशी लिहिलेले असावेत. ‘जिरे, मिरी, हिरवी मिरची’ असे लिहिणारे उत्पादक आहेत. केवळ ‘मसाले’ लिहिलेले असेल, तर त्याच दुकानात बटाटा, शेंगदाणा तेल आणि सैंधव एवढ्या तीनच घटकांचे साधे वेफर्स मिळतात का ते पाहावे. यादी जितकी लहान, तितके अंदाज बांधण्याचे काम कमी.

तेलाबद्दलही एक गोष्ट राहिली. कोणते वनस्पती तेल वापरले ते नावाने लिहावे लागते. पामोलिन किंवा शेंगदाणा तेल असेल तर प्रश्न नाही, पण राइस ब्रॅन तेल भाताच्या कोंड्यापासून काढतात आणि कॉर्न तेल मक्यापासून. फराळी पाकिटांवर ही नावेही मी वाचली आहेत.

निरंजन_ज

तेलापर्यंत गेलो तर काहीच खाता येणार नाही. घरी बहुतेकांकडे सोयाबीनचे किंवा मिश्र तेल असते, आणि त्याच तेलात साबुदाणावडे तळले जातात. सोयाबीन हे कडधान्यच आहे. तेव्हा पाकिटाला एक न्याय आणि घरच्या कढईला दुसरा, असे होऊ नये.

वारी_पंढरी

म्हणूनच आमच्याकडे उपवासाच्या दिवशी शेंगदाणा तेल किंवा तूपच असते, आणि कढईही वेगळी असते.

प्र_म_नाशिक

सहाशेच्या घरातील क्रमांकांबद्दल कोणी लिहिले नाही. ६ ने सुरू होणारे सर्व क्रमांक मांसापासून बनतात, असा संदेश आमच्या गटात आला होता. असे असेल तर ६२१ असलेले वेफर्स एकादशीलाच काय, कधीच खाऊ नयेत.

अ_सरनाईक

तो संदेश अर्धवट आहे. ६२१, ज्याला आपण अजिनोमोटो म्हणून ओळखतो, ते उसाच्या मळीसारख्या पदार्थांवर किण्वन करून तयार करतात. ६२७ आणि ६३१ हे क्रमांक मात्र वनस्पतिजन्य स्रोत, यीस्ट किंवा मांस-मासे यांपैकी कशापासूनही तयार होऊ शकतात, आणि ते नुसत्या क्रमांकावरून समजत नाही. येथे हिरवा ठिपका उपयोगी पडतो, कारण प्राणिजन्य स्रोत असेल तर तो ठिपका लावता येत नाही. तरीही ही तिन्ही द्रव्ये केवळ चव वाढवण्यासाठी असतात आणि ती जेथे असतात तेथे माल्टोडेक्स्ट्रिन आणि ‘मसाले’ सहसा शेजारीच असतात. त्यामुळे हे क्रमांक दिसले की ते पाकीट मी उपवासासाठी बाजूला ठेवतो.

क्रमांकांपैकी खरोखर लक्ष ठेवण्याजोगे दोन आहेत. १४०० ते १४५० यांमधील बहुतेक क्रमांक बदललेल्या स्टार्चचे असतात, आणि ते बहुधा मक्याचे असते. दुसरा ४१२, म्हणजे ग्वार गम, तो गवारीच्या बियांपासून काढतात. सुगंधी दूध, आइस्क्रीम, काही श्रीखंडे यांत हे दोन्ही दिसतात. दुधाचा पदार्थ म्हणून उपवासाला बिनदिक्कत घेतले जाणारे कप त्यामुळे एकदा उलटून पाहावेत.

मृण्मयी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वारी_पंढरी यांनी सुचवल्याप्रमाणे सासूबाईंना संपूर्ण यादी वाचून दाखवली. आयोडीनयुक्त मीठ ऐकताच त्यांनी नकार दिला. स्टार्चबद्दल त्यांचे मत असे पडले की, कशाचे आहे हे लिहिलेले नसेल तर ते घेऊ नये. माल्टोडेक्स्ट्रिनवर त्या अजून विचार करत आहेत. ‘अंश असू शकतो’ या वाक्याबद्दल मात्र येथे कोणी लिहिले नाही.

अ_सरनाईक

ते माझ्याकडून राहिले. त्या वाक्याचा अर्थ पदार्थात गहू घातला आहे असा नसतो. त्याच यंत्रावर किंवा त्याच दालनात आधी शेव किंवा मठरी तळलेली असते, आणि सफाई करूनही थोडी धूळ किंवा कण राहू शकतात, एवढेच ते सांगते. तळणीचे तेल प्रत्येक पदार्थासाठी बदलले जाते की नाही, हे लेबलवरून समजत नाही. ज्या घरात उपवासाची भांडी वेगळी असतात, त्या घरासाठी हे वाक्य महत्त्वाचे आहे. इतरांनी ते सोडून द्यायला हरकत नाही, असे माझे मत. हेच वाक्य नसलेल्या सुट्या मालाला मात्र कोणी अधिक शुद्ध समजू नये, कारण फरसाणाच्या दुकानातील सुट्या वेफर्सची कढई कोणती होती हे विचारण्याची सोयही नसते.

स्टार्चचा उगम कळवून घ्यायचा असेल तर पाकिटावरील ग्राहकसेवेच्या पत्त्यावर थेट प्रश्न लिहावा : ‘या बॅचमधील स्टार्च आणि माल्टोडेक्स्ट्रिन मक्याचे आहे, टॅपिओकाचे की बटाट्याचे?’ बॅच क्रमांक जरूर द्यावा. ‘हा पदार्थ उपवासाला चालतो का?’ असे विचारले तर ‘हो’ एवढेच उत्तर येते आणि त्याचा काही उपयोग नसतो. उत्तर आले तरी ते त्या बॅचपुरते धरावे, कारण पुरवठादार बदलला की स्टार्चही बदलू शकते आणि लेबलवरील शब्द तोच राहतो.

केतकी_वसई

भगरीबद्दल विचारायचे होते. काही पाकिटांवर ‘वरई’ आणि इंग्रजीत ‘मिलेट’ असे आहे. सासरचे एकजण म्हणतात की मिलेट म्हणजे धान्यच, तेव्हा भगर सोडावी.

वारी_पंढरी

वनस्पतिशास्त्राने ते तृणधान्यच ठरेल, पण आपल्याकडे वरई पिढ्यान्‌पिढ्या उपवासाला चालत आली आहे. ज्यांच्या संप्रदायात ती वर्ज्य आहे त्यांनी सोडावी. पाकिटावर एवढे मात्र पाहावे की ‘मल्टिमिलेट’ किंवा ‘मिश्र मिलेट’ असे तर नाही ना, कारण त्यात ज्वारी, नाचणी, बाजरी असते.

मंदा_सुगरण

मृण्मयीताई, चिवड्याचे जाऊ द्या, प्रवासात राजगिऱ्याचे लाडू न्या. राजगिरा आणि गूळ, बाकी काही नाही.

मृण्मयी

मंदाताई, आज ते पाकीट हातात घेतले. राजगिरा, गूळ, लिक्विड ग्लुकोज, तूप असे लिहिले आहे. लिक्विड ग्लुकोज कशाचे असते?

अ_सरनाईक

आपल्याकडे मुख्यतः मक्याच्या स्टार्चचे. चिक्की आणि लाडवाचा पाक दाणेदार होऊ नये म्हणून ते घालतात. चिक्कीच्या पाकिटांवरही ते पाहावे. फक्त राजगिरा आणि गूळ, किंवा राजगिरा आणि साखर असलेले लाडूही मिळतात. ते थोडे भुसभुशीत असतात आणि प्रवासात फुटतात, म्हणून डब्यात घालून न्यावेत.